जांघेतला गजकर्ण: ट्यूब संपते, खाज का संपत नाही?

प्रश्न : दीड वर्ष झालं, जांघेत खाज आहे. मेडिकलमधून ट्यूब आणतो, तीन दिवसांत बरं वाटतं. सोडली की आठवड्यात परत येतं आणि आधीपेक्षा मोठं असतं. आता मांडीवर उतरलंय. (वय ३१, भोसरी)

ट्यूब उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. ब्रँडच्या नावाकडे बघू नका, घटक बघा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांतलं एकही नाव दिसलं, तर तुम्ही दीड वर्ष बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइडही चोळताय. आपल्याकडे अशा खिचडी ट्यूब भरपूर खपतात. त्यात एक बुरशीचं औषध, एकदोन जंतूंची औषधं आणि एक स्टेरॉइड असं सगळं एकत्र कोंबलेलं असतं. जंतूंच्या औषधाचं गजकर्णात काहीच काम नाही. स्टेरॉइडचं काम आहे, पण उलट्या दिशेने.

गजकर्णाची बुरशी कातडीच्या सर्वांत वरच्या, मृत थरावर जगते. तिथलं केरॅटिन नावाचं प्रथिन हे तिचं अन्न. खाज, लाली, सूज हे मात्र तिचं काम नव्हे. शरीर तिला ओळखून हुसकावायला बघतं, त्याची ती धामधूम असते. स्टेरॉइड ही धामधूम बंद करतं, म्हणून तिसऱ्या दिवशी तुम्हाला थंड वाटतं. बुरशीला आता अडवणारं कोणी नसतं, ती निवांत पसरते. मलम थांबलं की शरीर जागं होतं आणि आता त्याला मोठ्या प्रदेशात भांडायचं असतं. म्हणून ‘आधीपेक्षा मोठं’.

शिवाय जांघ ही जागाच वेगळी. कातडीवर कातडी, घाम, ऊब. झाकून पट्टी बांधल्यासारखं औषध आत शिरतं. अंडकोशाच्या कातडीतून तर स्टेरॉइड हाताच्या कातडीपेक्षा कित्येक पटींनी शोषलं जातं. दीड वर्षाच्या वापरानंतर काय बघायचं, ते सांगतो. साध्या गजकर्णाची कड उठावदार, लाल, खवलेदार असते आणि मधला भाग निवळत जातो. स्टेरॉइड लावलेल्या गजकर्णाची कड पुसट होते किंवा एका कड्याच्या आत दुसरं कडं दिसतं. बारीक पुटकुळ्या येतात, कातडी पातळ आणि चकचकीत होते. मांडीच्या आतल्या बाजूला लांब चिरा पडल्यासारखे पट्टे आले असतील, तर त्यांचा रंग फिका होईल, पण ते पूर्ण जाणार नाहीत.

ट्यूब बंद करावीच लागेल. मात्र पहिले आठ-पंधरा दिवस खाज आणि आग वाढते आणि नेमकं तेव्हाच माणूस परत तीच ट्यूब काढतो. म्हणून बंद करण्याच्या दिवशीच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. खाजेची गोळी आणि बुरशीचं पोटातून घ्यायचं औषध सोबत सुरू झालं, तर हा पंधरवडा निभतो. जाताना रिकामी ट्यूब खिशात टाका. ‘पांढरी ट्यूब, हिरवा खोका’ यावरून आम्हाला काही कळत नाही. फार मोठ्या भागावर, रोज, महिनोन्‌महिने लावत असाल तर तेही सांगा. तेवढं स्टेरॉइड रक्तात उतरून शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं मंदावू शकतं.

कायद्याचं म्हणाल, तर २०१८ च्या मार्चमध्ये केंद्राने त्वचेवर लावायची १४ स्टेरॉइड्स ‘शेड्यूल एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री नाही. तुम्हाला चिठ्ठी कोणी मागितली होती का?

प्रश्न : माझ्या मलमात स्टेरॉइड नाही, मी तपासलं. फक्त टर्बिनाफिन आहे. पंधरा दिवस लावलं, गेलं. महिन्याने परत. मग परत लावलं तर या वेळी फरकच नाही. (वय ३८, इचलकरंजी)

तुमच्यासारखीच तक्रार घेऊन एक यंत्रमाग कामगार माझ्याकडे आला होता. त्याचीच हकीकत सांगतो, कारण तिच्यात गजकर्ण परत येण्याची तिन्ही कारणं एका माणसात सापडतात.

पहिली चूक थांबण्याची. डाग दिसेनासा झाला की तो मलम बंद करायचा. पण डाग दिसेनासा होणं म्हणजे बुरशी संपणं नव्हे. डाग पूर्ण गेल्यावरही निदान दोन आठवडे लावत राहायचं असतं. आणि लावायचं तेही डागावर नुसतं टेकवून नाही. बुरशी कडेला वाढते, म्हणून कडेच्या बाहेर दोन बोटं साध्या दिसणाऱ्या कातडीवरही मलम जायला हवं. तो मधोमध, जिथे खाज जास्त, तिथेच चोळत होता.

दुसरी गोष्ट मला त्याने बूट काढल्यावर दिसली. पायाच्या शेवटच्या दोन बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजल्यासारखी, आणि एक नख पिवळं, जाड. खाज नव्हती म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. जांघेत कितीही औषध लावा, रोज सकाळी चड्डी घालताना ती पायांवरून वर चढते आणि बुरशी सोबत नेते. आधी मोजे घाला, मग चड्डी, ही माझी सूचना ऐकून रुग्ण हसतात, पण ती गमतीत दिलेली नसते. पाय आणि नख यांचे उपचार स्वतंत्र करावे लागतात. नखाला तर महिने लागतात.

तिसरी गोष्ट आपल्या हातात नाही. टर्बिनाफिन बुरशीच्या एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, चिकटून तिचं आवरण बनवणं थांबवतं. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे जी बुरशी बोकाळली आहे, तिच्या अनेक वाणांत त्या विकराचा आकार किंचित बदललाय, त्यामुळे औषध नीट बसत नाही. २०२० मध्ये जपानमधल्या संशोधकांनी, नेपाळ आणि भारतातून तिथे गेलेल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून तिला वेगळी जात ठरवून ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए’ असं नाव दिलं. नावात आपला देश आला, हे काही मिरवण्यासारखं नाही.

या माणसाच्या कडेवरचे खवले खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. बुरशीचे धागे तिथल्या तिथे दिसले. या तपासणीआधी आठवडाभर मलम लावलेलं नसलं तर बरं, नाहीतर खोटं ‘नाही’ येतं. त्याला इट्राकोनॅझोल हे बुरशीचं पोटातून घ्यायचं औषध सुरू केलं. चौथ्या आठवड्यात तो ‘झालं, बंद करतो’ म्हणाला. मी कड बोटाने चाचपून पाहिली, खडबडीत लागत होती. एकूण साडेसात आठवडे लागले. जांघेचा गजकर्ण पूर्वी दोनतीन आठवड्यांत आवरायचा. आता महिना-दोन महिने धरून चालावं लागतं.

प्रश्न : मला डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल दिलंय, तीन आठवडे झाले, काहीच उतार नाही. मला ॲसिडिटी आहे म्हणून सकाळी रिकाम्या पोटी पॅन्टोप्राझोल घेतो आणि लगेच हीपण घेऊन टाकतो. (वय ४६, नाशिक)

उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल हवं आणि अन्न हवं. तुम्ही रिकाम्या पोटी घेताय आणि वर आम्ल थांबवणारी गोळीही घेताय. बरंचसं औषध रक्तात न जाताच बाहेर पडत असणार. कॅप्सूल पोटभर जेवणाबरोबर घ्यायची असते, चहा-बिस्किटावर नाही. ॲसिडिटीची गोळी थांबवायची की वेगळ्या प्रकारचं इट्राकोनॅझोल द्यायचं, हे डॉक्टरांनी ठरवायचं. पण त्यांना तुमची पॅन्टोप्राझोलची गोष्ट माहीत असायला हवी.

सोबत हेही सांगा: कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे का, हृदय कमकुवत आहे का, यकृताचा काही त्रास आहे का. काही स्टॅटिन गोळ्यांबरोबर हे औषध घेतलं तर स्नायूंना इजा होऊ शकते, आणि हृदय नीट पंप करत नसेल तर ते सहसा टाळतात. म्हणून मित्राच्या चिठ्ठीवर हे औषध आणू नका.

प्रश्न : सहा महिने गजकर्णावर एकटाच मलम लावतोय. आता बायकोच्या कमरेवर आणि मुलाच्या पोटावरही चट्टे आलेत. लिहायची लाज वाटते, पण हा गुप्तरोग तर नाही ना? (वय ३५, सोलापूर)

नाही. ही कातडीवरची बुरशी आहे. जवळ झोपण्याने, एकाच टॉवेलने, एकाच चादरीने ती पसरते. मुलाला ती तशीच लागली असणार. लाजेपायी तुम्ही सहा महिने एकटे मलम लावत बसलात, तेवढ्यात ती घरात फिरली.

आता तिघांनाही एकाच वेळी दाखवा. एकाचं बरं होईपर्यंत दुसऱ्याकडून त्याला परत लागण होईल. मुलाचा डोस वजनावर ठरतो, त्याला तुमची गोळी तोडून देऊ नका. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. आतले कपडे, टॉवेल, चादरी इतरांच्या कपड्यांत न मिसळता गरम पाण्यात धुवा, उलटे करून कडक उन्हात वाळवा. पावसाळ्यात ऊन नसलं की इस्त्री फिरवा, विशेषतः चड्डीच्या इलॅस्टिकवर आणि शिवणींवर. अर्धवट वाळलेली चड्डी घालून बाहेर पडणं, हे आपल्या जुलै-ऑगस्टमधल्या निम्म्या रुग्णांचं कारण असावं, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : दोन्ही जांघांत तपकिरी डाग आहे, खाज जवळजवळ नाही. बुरशीची दोन मलमं झाली, डाग हलत नाही. (वय ५२, मधुमेह, रत्नागिरी)

मग ती कदाचित बुरशी नाहीच. जांघेत सपाट, तपकिरी, बारीक सुरकुतलेला, एकसारख्या रंगाचा डाग आणि खाज नाममात्र, हे ऐकून मला एरिथ्राज्मा आठवतो. हा जिवाणूचा आजार आहे, मधुमेहात जास्त आढळतो. वूड्स लॅम्प नावाचा निळसर दिवा अंधारात धरला की डाग प्रवाळासारखा लाल चमकतो. तपासणीला जाण्याआधी तिथे साबण घासू नका, चमक धुऊन निघते. जिवाणूचं मलम किंवा गोळी दिली की तो बरा होतो.

मधुमेहात आणखी एक जोडीदार येतो, कँडिडा. त्यात जांघ ओली, भडक लाल असते, आग होते, अंडकोशावरही लाली जाते आणि मुख्य डागाच्या बाहेर सुटे लाल ठिपके असतात. ही वेगळी बुरशी, तिचं औषधही वेगळं असू शकतं. आणि साखर वर असेल तर ती परत परत येते. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तुमची एचबीए१सी तपासणी शेवटची कधी झाली?

प्रश्न : लसूण वाटून लावला तर चालेल का? आजोबा लावायचे म्हणतात. (वय २४, सातारा)

जांघेत लसणाने भाजल्यासारखे फोड येतात. असे दोन तरुण मी पाहिलेत, एकाला आठवडाभर नीट चालता येत नव्हतं. आणि फोड बरे झाल्यावर गजकर्ण तिथेच होता.