नाकापासून वायुकोशापर्यंत: एक बडबडगीत

प्रश्न: माझी मुलगी सहा वर्षांची आहे. श्वास नाकातून आत कुठे कुठे जातो, ते भाग तिला क्रमाने लक्षात राहतील असं एखादं छोटं गाणं आहे का?

मी लहान मुलांना शिकवते आणि त्यांच्यासाठीच हे गाणं केलंय:

वारा आला नाकात,
गरम झाला झोकात.

नाकातून गेला घशात,
"घासा, तू जा पोटात!"

घशातून स्वरयंत्रात,
गुपचूप गुपचूप गेला आत.

स्वरयंत्राखाली श्वासनळी,
कड्याकड्यांची जणू साखळी.

श्वासनळीला फांद्या दोन,
डावी कोण नि उजवी कोण?

फांद्यांना फुटल्या डहाळ्या,
बारीक, नाजूक, कोवळ्या.

डहाळीच्या टोकाला
वायुकोश फुलला!

माझं पहिलं गाणं असं नव्हतं. त्यात प्रत्येक भागाला एक सुटं कडवं होतं. मुलांना ते आवडलं आणि दोन दिवसांत पाठही झालं. पण एका मुलीने श्वासनळी आधी म्हटली आणि स्वरयंत्र नंतर. यमक कुठेच अडलं नाही, त्यामुळे चुकलंय हे तिला कळलं नाही आणि ऐकणाऱ्या मुलांनाही नाही. दोष गाण्याचा होता. कडव्यांची अदलाबदल करूनही गाणं छान वाजत असेल, तर त्यातून नावं शिकता येतात, क्रम नाही. म्हणून आता प्रत्येक कडवं आधीच्या कडव्यातल्या भागाला धरूनच सुरू होतं. मधलं एखादं गळलं की "फांद्यांना" म्हणताना कुठल्या फांद्या, हे मुलंच विचारतात.

क्रम खरंच बसलाय का, हे पाहायला पहिल्यापासून म्हणायला सांगू नका. मधूनच "श्वासनळी!" म्हणा आणि पुढचा भाग विचारा. ते जमलं की मागचा विचारा. सगळ्यात जास्त गोंधळ स्वरयंत्र आणि श्वासनळीत होतो, तेव्हा तिथे बोटाने दाखवा. गळ्यावर समोरून हलकेच बोट ठेवून "आ" म्हटलं की जिथे थरथर जास्त जाणवते, ते स्वरयंत्र. तिथून बोट जरा खाली सरकवलं की टणक, खडबडीत नळी लागते, ती श्वासनळी. दाबायचं मात्र नाही. खडबडीतपणा कूर्चेच्या कड्यांचा असतो. त्या इंग्रजी सी अक्षरासारख्या, मागच्या बाजूने उघड्या असतात आणि त्यांच्यामुळेच नळी मिटत नाही.

"गुपचूप" हा शब्द मी मुद्दाम घातलाय. आधी तिथे "गाणं गात गेला आत" होतं. ऐकायला ते गोड होतं, पण आपण बोलतो ते श्वास बाहेर सोडताना. नेहमीचा श्वास आत जातो तेव्हा स्वरतंतू बाजूला झालेले असतात, आवाज होत नाही. घासाची ओळही उगीच नाही. घशात अन्न आणि हवा यांची वाट एकच असते. गिळताना स्वरयंत्रावर एक झाकण येतं आणि घास मागच्या अन्ननलिकेत जातो. म्हणून घशानंतर लगेच श्वासनळी न म्हणता मध्ये स्वरयंत्र घ्यायलाच हवं.

फांद्यांचं खरं नाव श्वसनी आणि डहाळ्यांचं श्वसनिका. सहाव्या वर्षी ही दोन नावं एकदम देऊ नका, कानाला ती इतकी सारखी लागतात की मुलं हमखास उलटी म्हणतात. पुढे "श्वासनळीला श्वसनी दोन" असा बदल केला तर चाल जराही मोडत नाही, मग श्वसनिका आणता येईल. पुस्तकात श्वासनलिका असेल, ती आणि श्वासनळी एकच.

एका गोष्टीत गाणं तोकडं आहे. त्यातून वाटतं की वाट दोनदाच फुटते. मोठ्या माणसात श्वासनळीपासून शेवटच्या टोकापर्यंत ती साधारण 23 वेळा दुभंगते. म्हणून डहाळ्यांचं कडवं आम्ही तीनदा म्हणतो, दर वेळी आवाज आणखी बारीक करून, आणि दोन्ही हातांची बोटं हळूहळू फाकवतो. मग मुठी मिटून "फुलला!" म्हणताना उघडायच्या. वायुकोश एकच असतो असं वाटू नये म्हणून सगळ्या मुलांनी एकदम उघडायच्या. मोठ्या माणसाच्या फुफ्फुसांत ते 30 ते 50 कोटी असतात आणि एकेक जेमतेम पाव मिलिमीटरचा.

चांगलं पाठ झालं की परतीचा प्रवास करा. वायुकोशापासून नाकापर्यंत नुसती नावं उलटी घ्यायची आणि स्वरयंत्रापाशी आल्यावर सगळ्यांनी मिळून मोठ्याने "आ" करायचं. माझ्याकडची मुलं तेवढ्या "आ"साठी सगळा क्रम उलटा पाठ करतात.