कॉफी पॉडचा कचरा: तुमचे प्रश्न

पाकिटावर ‘रिसायकलेबल’ लिहिलंय. अ‍ॅल्युमिनियमच्या कॅप्सूल सुक्या कचऱ्यात टाकल्या की झालं ना? (वाशी)

नाही. कॅप्सूल किंवा पॉड म्हणजे कॉफी मशीनमध्ये घालायची, एका कपापुरत्या पावडरीची बंद डबी. वापरलेल्या कॅप्सूलमध्ये ओला चोथा असतो आणि धातू जेमतेम एक ग्रॅम. दिवसाला दोन कप धरले तरी महिन्याला साठेक ग्रॅमच अ‍ॅल्युमिनियम होतं. एवढीशी, चोथ्याने भरलेली वस्तू वेगळी काढायला कचरा निवडणाऱ्यांना परवडत नाही. म्हणून झाकणाची फॉइल फाडून चोथा झाडांना घाला, कॅप्सूलचा रिकामा कप विसळा, चेपा आणि डब्यात साठवून इतर अ‍ॅल्युमिनियमबरोबर भंगारवाल्याला द्या. कंपनी वापरलेल्या कॅप्सूल परत घेत असेल तर उत्तमच. आधी एक कप मुठीत चुरगळून बघा. चुरगळलेलाच राहिला तर अ‍ॅल्युमिनियम, पुन्हा फुगला तर प्लॅस्टिक. प्लॅस्टिकच्या कपावर अनेकदा अ‍ॅल्युमिनियमचं झाकण चिकटवलेलं असतं. ते सोलल्याशिवाय दोन्हींपैकी काहीच नीट रिसायकल होत नाही.

कंपोस्टेबल पॉड सोसायटीच्या खतकुंडीत टाकल्या. दोन महिन्यांनी उकरलं तर कप जसेच्या तसे! फसवलं का आम्हाला? (घोडबंदर रोड)

बहुधा लेबल खरं असेल, पण ते तुमच्या कुंडीसाठी नाही. असे बरेच कप पीएलएचे, म्हणजे मका किंवा उसाच्या साखरेपासून केलेल्या प्लॅस्टिकचे असतात. ‘कंपोस्टेबल’ हा शिक्का औद्योगिक कंपोस्टिंगच्या कसोटीवर मिळतो. तिथे साधारण ५८ अंशांची उष्णता आठवडेच्या आठवडे टिकवतात आणि १२ आठवड्यांत कपाचे बारीक तुकडे व्हावे लागतात. सोसायटीची कुंडी सुरुवातीला तापते, पण ढीग लहान असल्यामुळे लवकर निवते. मग भाजीची देठं कुजतात आणि कप तसाच राहतो.

आता ते कप चाळून बाहेर काढा. सुक्या कचऱ्यात गेले तर इतर प्लॅस्टिकमध्ये मिसळून त्याची प्रत बिघडवतात, आणि डम्पिंगवर ती उष्णता नसल्याने वर्षानुवर्षं पडून राहतात. पुढच्या वेळी ‘होम कंपोस्टेबल’ असा वेगळा शिक्का असेल तरच घ्या. तो नसेल आणि तुमचा ओला कचरा मोठ्या, तापमान राखणाऱ्या प्रकल्पात जात नसेल, तर माझ्या मते या पॉडसाठी जास्त पैसे मोजू नका. शिवाय यातल्या कित्येक पॉडमधून हवा आत जाते, म्हणून त्या वेगळ्या पाकिटात बंद करून येतात. ते पाकीटही कचऱ्यातच धरा.

स्टीलची, पुन्हा भरायची पॉड घेतली, पण कॉफी पाणचट येते. (नेरूळ)

दळण जाडं असेल किंवा पॉड कमी भरत असाल. पाच-सहा ग्रॅम पावडर घालून हलक्या हाताने सपाट दाबा आणि कडेवरचे कण पुसा, नाहीतर झाकण नीट बसत नाही आणि पाणी बाजूने निसटतं. कप दहा सेकंदांत भरला तर दळण आणखी बारीक हवं, थेंब थेंब पडत असेल तर थोडं जाडं. पंचवीस-तीस सेकंद लागले की जमलं. चिकोरी मिसळलेली फिल्टर कॉफी यात घालू नका, जाळी तुंबते. सिलिकॉनची रिंग सैल झाली तर तेवढीच बदला.

रोज पॉड धुवायची तयारी असेल तर तिन्हींत मी हीच निवडेन. मात्र मशीनची वॉरंटी आधी वाचा, काही कंपन्या दुसऱ्याची पॉड वापरल्यावर ती नाकारतात.