हात की पिपेट?

पोरी, कंट्रोल, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत असतो तो नमुना, कमी आला की लगेच स्वतःच्या हाताला दोष देऊ नको. यवतमाळकडच्या एका तालुक्याच्या लॅबमध्ये शिकाऊ पोराचा पहिलाच आठवडा होता. ग्लुकोजचा कंट्रोल १०० यायचा, तर त्याचा ९४, ९३, ९४. सगळे म्हणाले, हात बसला नाही. पण कच्च्या हाताचे आकडे वरखाली होतात. याचे एकाच बाजूला, जवळजवळ सारखे.

मग पंखा बंद करून (आपल्या उन्हाळ्यात पाणी भराभर उडतं) मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर त्याच्याच पिपेटनं १० मायक्रोलिटर डिस्टिल्ड वॉटर दहादा सोडलं. दहा वेळचं मिळून ०.१०० ग्रॅमच्या जवळ यायला हवं होतं, भरलं ०.०९४. दुसऱ्या पिपेटनं त्याच पोरानं ०.०९९ आणलं. पहिली पिपेट कॅलिब्रेशनला गेली.