मित्राला मेलमधला जोक लागला, माफीचा मेल असा पाठवू का?

प्रश्न: मी मूळचा बेळगावचा, नोकरीला पुण्यात. शाळेतल्या मित्राने दुकानाच्या नव्या बोर्डाचा फोटो आमच्या जुन्या गँगला मेलवर पाठवला, कन्नड वर मोठं, मराठी खाली बारीक. मी सगळ्यांना रिप्लाय मारला, "काय रे, पूर्ण कानडी झालास की, आता १ नोव्हेंबरला काळी फीत बांधणार की लाल-पिवळा झेंडा लावणार?" त्याचं फक्त मला उत्तर आलं, "तुला तिकडं बसून बरं सुचतंय." त्याचे वडील ८६ च्या आंदोलनात हिंडलग्याच्या जेलात जाऊन आलेत. मी माफीचा मेल लिहिलाय, बघून सांगा:

"अरे सॉरी यार, तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर. माझा हेतू तसा नव्हता, तू ओळखतोसच मला. शाळेपासून आपण एकमेकांची खेचतोच की. मी पण बेळगावचाच आहे, मला काय कमी वाटतं का. जाऊ दे, विसर आता, गणपतीला आलो की मिसळ माझ्याकडून 😊"

उत्तर:

हा मेल पाठवू नका. ड्राफ्टमध्येच राहू दे.

माझं बेळगावातच, शहापुरात डीटीपी आणि बोर्ड-फ्लेक्सचं दुकान आहे. अर्ज, खुलासे, सोसायटीची पत्रं, भावाभावांची भांडणं मिटवायची पत्रं, सगळं टाइप करून घ्यायला लोक येतात, त्यामुळं माफीची पत्रं बरीच हाताखालनं गेलीत. आणि तुमच्या मित्रासारखे बोर्डसुद्धा मीच करतो, म्हणून आधी बोर्डाचंच सांगतो, कारण तुमच्या मेलमध्ये नेमकी तीच बाजू दिसत नाहीये.

२०२४ मध्ये कर्नाटकात कायदा बदलला, बोर्डावर ६० टक्के जागा कन्नडला आणि तीही वरच्या बाजूला. म्हणजे तीन फूट उंचीचा बोर्ड धरला तर जवळजवळ पावणेदोन फूट कन्नड, उरलेल्या सव्वा फुटात मराठी, इंग्लिश, फोन नंबर, सगळं कोंबायचं. गिऱ्हाईक माझ्या खुर्चीमागं उभं राहून स्क्रीनवर बघत असतं आणि सारखं म्हणतंय, "खालचं अजून थोडं मोठं करता येतंय का बघा की." मी एक-दोन पॉइंट वाढवतो, मग फोन नंबर बाहेर जातो, परत कमी करतो. वडिलांनी लावलेलं नाव असं बारीक होत जाताना बघायचं, आणि करायचं नाही म्हटलं तर नोटीस, दंड, लायसन्सचं टेन्शन. दुकान तर रोज उघडायचंय. तुमच्या मित्राने हौसेनं कानडी बोर्ड लावला असेल असं मला तरी वाटत नाही, आणि तो फोटो सगळ्यांना पाठवला तेव्हा जुन्या मित्रांपैकी कुणीतरी "लई वाईट झालं रे" म्हणेल एवढीच त्याची अपेक्षा असणार.

आता जोक नेमका कुठं लागला ते बघा. "कानडी झालास" इथपर्यंत आपल्याकडं पोरं एकमेकांना म्हणतात, त्याचं एवढं काय नाही. पण १ नोव्हेंबरला आपली माणसं काळा दिन पाळतात आणि त्याच दिवशी गावात राज्योत्सवाची मिरवणूक असते, तेव्हा फीत की झेंडा असं विचारणं म्हणजे तू कुणाच्या बाजूचा असं विचारणं झालं. तेही ज्याचे वडील कन्नडसक्तीच्या विरोधात आत गेले त्याला, आणि सगळ्यांच्या देखत. त्याच्या उत्तरातलं "तिकडं बसून" नीट वाचा. त्याची तक्रार जोकपेक्षा जास्त कोण करतोय यावर आहे. ज्याला हा बोर्ड कधीच लावावा लागणार नाही तो हसतोय, हे त्याला लागलंय. तुमच्या मेलमध्ये या तक्रारीला एका ओळीचं पण उत्तर नाही.

आता ड्राफ्ट घेऊ. "वाईट वाटलं असेल तर" हे पहिलं काढा, त्याने तुम्हाला सांगितलंय की वाटलं म्हणून, मग "असेल तर" कशाला? वाचणाऱ्याला असं दिसतं की तुमच्या मते चूक झालीच आहे असं नाही, त्याला वाटून घ्यायची सवय आहे.

"हेतू तसा नव्हता" हे खरं असणार, मला शंका नाही. लिहिलेली गंमत समोरच्याला गंमत म्हणून पोचेल असं लिहिणाऱ्याला फार खात्रीनं वाटतं आणि प्रत्यक्षात बरीच कमी पोचते, यावर क्रूगर आणि एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर ईमेलवरच अभ्यास करून २००५ मध्ये पेपर छापलाय. आवाज नाही, चेहरा नाही, आपण मनात ज्या टोनमध्ये लिहितो तो टोन आपल्यालाच ऐकू येतो. पण हे सगळं तुम्हाला समजून घ्यायला आहे, माफीच्या मेलमध्ये यातलं काय बी घालू नका. तिथं घातलं की ते कारण होतं, आणि कारण वाचलं की समोरचा विचार करतो, म्हणजे मीच चुकीचं वाचलं होय. हेतूबद्दल त्याने स्वतःहून विचारलं तर सांगा, तोपर्यंत नाही.

"शाळेपासून खेचतोच की" मध्ये तुम्ही त्यालाही चुकीत भागीदार करताय. आणि "मी पण बेळगावचाच" ही ओळ मला सगळ्यात धोक्याची वाटते, कारण ती सरळ त्याच्या तक्रारीवर वार करते. तो म्हणतोय तू तिकडं आहेस, तुम्ही म्हणताय मी इथलाच. वाद सुरू झाला की हो! तुम्हाला बेळगावचं वाटत असेल, वाटणारच, पण या मेलमध्ये ते सिद्ध करायचं नाहीये.

"विसर आता" आणि मिसळ. हिशोब मिटवायची घाई झालीय तुम्हाला, आणि विसरायचं का नाही ते त्याने ठरवायचंय. शेवटचा हसरा चेहरा पण काढा, ज्या गमतीनं लागलं त्याच सुरात माफी आली तर ती पण गंमतच वाटते.

मी असतो तर असं लिहिलं असतं. तुमच्या बोलीत बदलून घ्या, पण ओळी वाढवू नका:

विषय: बोर्डाच्या फोटोवर मी जे लिहिलं त्याबद्दल

"(नेहमी हाक मारता ते नाव),

बोर्डाच्या फोटोवर मी सगळ्यांसमोर तुझी चेष्टा केली, ते चुकलं. फीत की झेंडा असं विचारून मी तुझ्या निष्ठेवरच संशय घेतला, आणि काका ज्यासाठी जेलात गेले ते माहीत असून घेतला. तू म्हणालास ते बरोबर आहे, दुकान तू तिथं राहून सांभाळतोस, असला निर्णय मला पुण्यात कधी घ्यावा लागत नाही. मी तुझी माफी मागतो.

ते सगळ्यांना गेलं होतं, म्हणून तुझी हरकत नसेल तर सगळ्यांनाच लिहून मागे घेतो. विषय परत काढायला नको असं वाटत असेल तर तसं सांग, नाही लिहिणार.

उत्तराची घाई नाही."

एवढंच. यात तुम्ही काय केलं ते नाव घेऊन लिहिलंय. "जे काही झालं" असं गोल लिहिलं की समोरच्याला कळत नाही तुम्हाला नेमकं काय कळलंय. काकांचा उल्लेख अर्ध्या ओळीचा ठेवलाय, तो मुद्दाम. त्यावर परिच्छेद लिहिलात, त्यांचा त्याग, आपला सीमालढा वगैरे, तर त्याच्या घरचं दुःख तुम्ही त्यालाच समजावून सांगताय असं होतं. "माफ कर" ऐवजी "माफी मागतो" ठेवलंय कारण पहिल्यात त्याच्याकडनं लगेच काहीतरी हवंय. माफीत कुठला भाग किती वजनाचा यावर अमेरिकेत लेविकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एक अभ्यास छापलाय, त्यात चूक आपली आहे हे मान्य करणं लोकांना सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, त्यानंतर नुकसान भरून काढायची तयारी, आणि क्षमेची विनंती सगळ्यात शेवटी होती. माझ्या दुकानात येणारी पत्रं बघून मला ते पटतं, ज्या पत्रात तीनदा "मोठ्या मनानं माफ करा" असतं त्यात काय केलं ते बहुतेक लिहिलेलंच नसतं.

उलटी चूक पण करू नका, मी किती हलकट, मला रात्रभर झोप नाही, स्वतःची लाज वाटते वगैरे. मग त्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं.

पाठवायच्या आधी दोन-तीन बारीक गोष्टी. मेल फक्त त्यालाच जाऊ दे, टू आणि सीसी दोन्ही बघून घ्या, आधी सगळ्यांना रिप्लाय मारलेला असला की हात परत तिथंच जातो. जुन्या मेलवर रिप्लाय करू नका, खाली तो जोक आणि फोटो जसाच्या तसा येतो आणि माफी वाचता वाचता त्याला जोक परत वाचावा लागतो, म्हणून नवीन मेल काढा. जीमेल वापरत असाल तर सेटिंगमध्ये पाठवलेला मेल मागे घ्यायची वेळ ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, ती वाढवून ठेवा.

फोन करू का असं तुम्ही विचारलं नाहीये पण मनात असणार. माझं मत, आधी मेल. फोनवर त्याला त्याच क्षणी काहीतरी बोलावं लागतं, आणि आपल्याकडची माणसं संकोचापोटी "असू दे रे, काय नाही" म्हणून मोकळी होतात, राग तिथंच राहतो. मेल तो दुकान बंद केल्यावर निवांत वाचेल. त्याने उत्तर दिलं की मग फोन करा, बिनधास्त करा.

त्याने सगळ्यांना लिहायला हो म्हटलं तर तो मेल अजून लहान, "बोर्डाच्या फोटोवर मी जे लिहिलं ते चुकीचं होतं, मागे घेतो, त्याची माफी मागितलीय." त्याला किती लागलं, त्याने काय उत्तर दिलं, यातलं एक अक्षर तिथं नको, त्याने ते फक्त तुम्हाला लिहिलंय. गँगमधल्या कुणी त्यावर परत गंमत केली तर तिथंच थांबवायचं काम तुमचं, त्याच्यावर सोडू नका. नको म्हणाला तर नको, तुमचं मन हलकं करायला परस्पर पाठवू नका.

आणि उत्तर आलंच नाही तर? मेल मिळाला का म्हणून विचारू नका, दुसऱ्या मित्राला मध्ये घालू नका. ऑक्टोबर संपत आला असेल तर मेल १ नोव्हेंबर होऊन गेल्यावरच पाठवा, त्या आठवड्यात इथलं वातावरण वेगळंच असतं आणि त्याच्या दुकानासमोरनंच मिरवणूक जात असेल तर त्याला तुमचा मेल कसा वाटेल सांगता येत नाही. गणपतीला आलात की दुकानात जा, गिऱ्हाईक नसेल तेव्हा, आणि त्याने काढल्याशिवाय बोर्डाचा विषय तुम्ही काढू नका.