एंडोमेंट परत करून टर्म विमा घ्यावा का?

प्रश्न: माझे वय ३४, चाकणला खाजगी नोकरी. पत्नी गृहिणी, मुलगी ४ वर्षांची, डोक्यावर २८ लाखांचे गृहकर्ज. मामांच्या ओळखीच्या एजंटकडून २० वर्षांची एंडोमेंट पॉलिसी घेतली. विमा रक्कम १० लाख, हप्ता वर्षाला ५२ हजार, शेवटी साधारण १९ लाख ४० हजार मिळतील म्हणतात. पॉलिसीचा बाँड मागच्या आठवड्यात हातात आला. ऑफिसातले मित्र म्हणतात, परत कर आणि टर्म घे. एजंट म्हणतात, हवे तर मनी-बॅक करून देतो. काय करू?

उत्तर: पॉलिसी परत करावी, असे माझे मत आहे. मात्र ‘टर्म घेऊन उरलेले पैसे कुठेही ठेवले तरी जास्तच मिळतात’ असे कोणी सांगत असेल, तर ते तितकेसे खरे नाही, आणि हिशेब नेमका कुठे फिरतो हे पाहूनच निर्णय घ्यावा.

एकूण १० लाख ४० हजार भरून १९ लाख ४० हजार मिळणार, म्हणजे पैसे जवळजवळ दुप्पट होणार, असे वाटते. परंतु पहिला हप्ता २० वर्षे अडकतो आणि शेवटचा एकच वर्ष, त्यामुळे खरा दर काढण्यासाठी स्प्रेडशीटमध्ये हे सूत्र टाकून पाहा:

```
=RATE(20,-52000,0,1940000,1)
```

उत्तर ५.६ टक्क्यांच्या आसपास येते. एजंटने दिलेल्या तक्त्यात ४ आणि ८ टक्के असे दोन रकाने असतील. ते दर कंपनीच्या गुंतवणुकीवर गृहीत धरलेले असतात, खर्च आणि मृत्यूच्या जोखमीपोटी कापला जाणारा विम्याचा भार वजा होण्यापूर्वीचे. तुमच्या हाती ८ टक्के पडतील, असा त्यांचा अर्थ नाही.

दर इतका कमी येण्यामागे दोन कारणे आहेत. पहिले कारण बोनसचे. तो विमा रकमेच्या दर हजारी जाहीर होतो. तुमच्या एजंटने हजारी ४४ रुपये धरलेले दिसतात, म्हणजे वर्षाला ४४ हजार. २० वर्षांचे ८ लाख ८० हजार, मूळ १० लाख आणि वर अंतिम अतिरिक्त बोनसचे ६० हजार, असा तो आकडा जुळतो. पण पहिल्या वर्षी जाहीर झालेले ४४ हजार तुम्हाला विसाव्या वर्षाच्या अखेरीस मिळतात, आणि तेही ४४ हजारच. मधल्या १९ वर्षांचे व्याज त्यावर धरले जात नाही. पीपीएफच्या सध्याच्या ७.१ टक्के दराने पाहिले, तर जाहीर होण्याच्या दिवशी त्या बोनसची किंमत जेमतेम १२ हजार भरते. शिवाय पुढील बोनसची हमी नसते. जाहीर झालेला तेवढा पक्का.

दुसरे कारण पैसा कुठे गुंतवला जातो, याचे. विमा कंपनीला आपल्या आयुर्विमा निधीचा निदान निम्मा भाग सरकारी रोख्यांत ठेवावा लागतो, आणि उरलेल्यातलाही बराच कर्जरोख्यांत असतो. रोख्यांवर सात टक्क्यांच्या आसपास मिळत असताना त्यातून एजंटचे कमिशन (पहिल्या वर्षी ते सर्वांत जड असते), कार्यालयीन खर्च आणि विम्याचा भार गेल्यावर ५ ते ६ टक्के उरतात. कंपनी लबाडी करते असे नाही, योजनेची रचनाच तशी आहे. ‘टर्ममध्ये जगलो तर पैसे बुडतात’ हा आक्षेपही इथेच संपतो, कारण विम्याचा भार एंडोमेंटच्या हप्त्यातूनही कापला जातोच. फक्त तो वेगळा दाखवत नाहीत.

आता दुसरा मार्ग पाहू. तुमच्या वयाच्या, तंबाखू न घेणाऱ्या निरोगी माणसाला २० वर्षांसाठी एक कोटीचा टर्म विमा वर्षाला १० ते १२ हजारांच्या आसपास पडतो. आपण १२ धरू. उरलेले ४० हजार सगळे पीपीएफमध्ये ठेवले आणि दर ७.१ टक्के कायम राहिला, तर २० वर्षांनी सुमारे १७ लाख ७५ हजार होतात, म्हणजे एंडोमेंटपेक्षा दीड लाखाहून अधिक कमी. मित्रांनी हे बहुधा सांगितले नसेल. ही तूट मात्र दहापट विम्याची किंमत आहे. विमा दोन्हीकडे १० लाखांचाच ठेवला आणि त्याला वर्षाला ३ हजार लागले असे धरले, तर उरलेल्या ४९ हजारांचे पीपीएफमध्ये पावणेबावीस लाख होतात. समान विम्यावर तुलना केली की एंडोमेंट मागे पडते.

विमा एक कोटीचाच ठेवून ४० हजारांपैकी २० हजार पीपीएफमध्ये आणि २० हजार निफ्टीच्या इंडेक्स फंडात गेले, तर पहिल्याचे सुमारे ८ लाख ८८ हजार होतात आणि दुसऱ्याचे, १० टक्के परतावा धरून, १२ लाख ६० हजार. सध्याच्या नियमाने फंडाच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर सव्वा लाखाची सूट वगळून भरला, तरी हाती साडेवीस लाख राहतात. बाजाराची हमी नाही, हे उघड आहे. कर वगळता फंडाचा सरासरी परतावा साडेआठ टक्क्यांखाली राहिला, तर शेवटची रक्कम एंडोमेंटपेक्षा कमी भरेल.

हा धोका मी पत्करायला सांगतो, तो तुमच्या कर्जाकडे पाहून. तिसऱ्या वर्षानंतर तुमचे बरेवाईट झाले, तर या पॉलिसीतून घरच्यांना १० लाख आणि बोनसचे १ लाख ३२ हजार मिळतील. त्यातून निम्मे कर्जही फिटणार नाही. एक कोटीतून कर्ज फिटून सत्तरेक लाख उरतात. पत्नीला स्वतंत्र उत्पन्न नसताना हा फरक शेवटी मिळणाऱ्या लाख-दीड लाखापेक्षा फार मोठा आहे. थोडा जास्त हप्ता परवडला, तर मुदत वयाच्या साठीपर्यंत घ्या.

मनी-बॅक तुमच्यासाठी आणखी गैरसोयीचे आहे. २० वर्षांच्या नेहमीच्या योजनेत पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या वर्षी विमा रकमेचे २० टक्के मिळतात, म्हणजे १० लाखांवर दोन-दोन लाख. तुम्ही तोवर भरलेल्या हप्त्यांतलाच तो भाग असतो. पैसे लवकर बाहेर जातात म्हणून त्याच विमा रकमेला हप्ता एंडोमेंटपेक्षा जास्त पडतो, आणि हाती आलेले दोन लाख टीव्ही, सहल किंवा लग्नकार्यात जातात, असाच बहुतेकांचा अनुभव आहे.

शिस्त लागते म्हणून एंडोमेंट बरे, असेही काही जण म्हणतात. तुमच्या बाबतीत पीपीएफची १५ वर्षांची मुदत तेच काम करते. रक्कम ५ एप्रिलच्या आत भरा, म्हणजे त्या महिन्याचे व्याज बुडत नाही. आणि १५ वर्षांनंतर पैसे भरत राहायचे असतील, तर पाच वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज वर्षभरात द्या. मधुमेह किंवा हृदयविकारामुळे टर्म विमा नाकारला गेला, तर मात्र माझे उत्तर बदलेल. तेव्हा एंडोमेंटचे १० लाखही मोलाचे ठरतात.

म्हणून क्रम चुकवू नका. टर्मचा अर्ज आजच करा, त्यात ही पॉलिसी, आजार, तंबाखू, दारू सर्व खरे लिहा आणि वैद्यकीय तपासणी लगेच उरका. टर्म मंजूर झाल्यावरच ही पॉलिसी परत करा. बाँड हाती आल्यापासून ३० दिवसांत तो फ्री लुकखाली परत करता येतो. तेवढ्या दिवसांचा विम्याचा भार, तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क वजा करून बाकी पैसे मिळतात. रद्द करण्याचे पत्र एजंटच्या हाती न देता शाखेत स्वतः द्या आणि तारखेच्या शिक्क्याची पोच घ्या. बाँड कुरियरने आला असेल, तर त्याचे पाकीट किंवा डिलिव्हरीचा एसएमएस जपून ठेवा, कारण वाद झाला तर तो बहुधा दिवस कधीपासून मोजायचे यावरच होतो. टर्मचा निर्णय पंचविसाव्या दिवसापर्यंत आला नाही, तर मला पुन्हा लिहा. तपासणीत काही निघाले असेल, तर परत करण्याआधी विचार करायला थोडे दिवस हाताशी राहतील.