दूध an पाव an: अन की आण?

प्रश्न: भाचीचा मेसेज आलाय, जसाच्या तसा देते: `mami yetana dudh an pav an cake ajun order nai kela tr to pan an`. यातला कुठला an 'आणि' आहे आणि कुठला 'आण'? आणि मुख्य म्हणजे केक मी आणायचाय का? घरात दोन मतं पडलीयेत.

शेवटचा an 'आण' आहे, त्यावर मतं पडायचं कारणच नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि त्या an च्या पुढे काहीच नाही. (मेसेज अर्धाच गेला असेल तर गोष्ट वेगळी, मग तो 'तो पण अन...' असू शकतो आणि पुढचा पदार्थ भाचीच्या फोनमध्येच राहिला.) पहिला an 'अन' असो की 'आण', तुमच्या पिशवीत फरक पडत नाही, दूध अन पाव आण म्हटलं काय किंवा दूध आण पाव आण म्हटलं काय, सामान तेच. घोळ आहे तो मधल्या an चा. तो 'अन' धरला तर वाक्य होतं, दूध अन पाव अन केक अजून ऑर्डर नाही केला. पण मग पुढे 'तो' का आला? तीन वस्तू असत्या तर भाचीने te लिहिलं असतं. 'तो' एकट्या केकचा आहे, म्हणजे वाक्य केकच्या आधीच तुटलंय आणि मधला an 'आण' आहे. याच 'तो'मुळे pan सुद्धा सुटतो. तुमच्या घरातल्या दुसऱ्या मताने तिथे विड्याचं पान वाचलं असेल तर त्यांना सांगा, पान नपुंसकलिंगी आहे, 'ते पान' होईल, 'तो पान' नाही. तो 'पण'च आहे.

राहिला केक. इथे मात्र भाचीने खरंच अर्धवट सोडलंय. `kela` म्हणजे 'केला' की शेवटचा स खाल्लेला 'केलास'? 'अजून ऑर्डर नाही केलास तर तो पण आण', म्हणजे तू आधीच ऑर्डर केला असशील तर आणू नकोस. आणि 'अजून ऑर्डर नाही केला, तर तो पण आण', म्हणजे आम्ही कोणीच केलेला नाही, तेव्हा तूच आण. पहिल्यात तर हा अटीचा, दुसऱ्यात तर हा 'म्हणून' अशा अर्थाचा. बोलताना 'केला'नंतर जरासं थांबलं की कळतं, लिहिताना एका स्वल्पविरामाने किंवा एका s ने कळलं असतं. माझा कौल दुसऱ्या अर्थाला, कारण मामीने केक ऑर्डर केला असण्याची शंका असती तर पोरीने आधी kelas ka असं विचारलं असतं. पण कौलावर केक आणू नका, फोन करा.

आता जरा महत्त्वाचं. मला ज्याचा खरा वैताग येतो ते हे, की असं काही विचारलं की कोणीतरी येऊन सांगतंच, 'अहो अन हा आणिचाच शॉर्टफॉर्म, आळशी लोक बोलतात तसं' आणि वर 'आणि म्हणजे आणून जोडलेलं, म्हणून आणणे आणि आणि एकाच घरातले'. दोन्ही चूक. आणणे आलंय आनयति वरून, आ अधिक नी, म्हणजे इकडे नेणे. आणि हा आलाय अन्य वरून, म्हणजे दुसरा. संतांच्या अभंगात 'आणिक' म्हणजे दुसरं, वेगळं असंच येतं. हिंदीवाल्यांचं 'और' सुद्धा 'अपर' वरून आलंय, त्याचाही मूळ अर्थ दुसराच, म्हणजे दोन शेजारणींनी दोन वेगळे शब्द घेऊन तोच प्रवास केला. आणि शपथेची जी आण, 'तुला माझी आण', ती तिसरीच, ती आज्ञा वरून. टर्नरच्या इंडो-आर्यन भाषांच्या तुलनात्मक कोशात तिघी वेगवेगळ्या मूळ शब्दांखाली बसल्यात, रोमन कीबोर्डने त्यांना दोन अक्षरांत कोंबलंय.

पण मला आवडतं ते याच्या पुढचं. संस्कृतातला शब्द प्राकृतातून मराठीत येताना न आणि ण ची एक वाटणी झालेली दिसते, फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झ्यूल ब्लॉकने शंभर वर्षांपूर्वी ती मांडलेली आहे. प्राकृतात जिथे दोन स्वरांच्या मधे एकटा ण होता तिथे मराठीत ण राहिला. पानीय चं पाणी, जन चा जण. आणि जिथे जोड ण्ण होता तिथे मराठीत न झाला. कर्ण, कण्ण, मग कान. सुवर्ण, सुवण्ण, मग सोनं. आता भाचीचा `pan` बघा. पर्ण, पण्ण, म्हणून पान, न ने. आणि पुनः, पुण, म्हणून पण, ण ने. ती एक n टाईप करते आणि दीड हजार वर्षांचा फरक पुसला जातो. संदर्भाने कळतं असं म्हणणाऱ्यांना मी इतकंच विचारेन की मग तुमच्या घरात दोन मतं कशी पडली (तुमच्या म्हणजे विचारणाऱ्या बाईंच्या, त्यांना नाही म्हणत मी).

मग आता अन्य लावा त्याच नियमाला. अन्य, अण्ण, जोड ण्ण आहे, म्हणजे मराठीत काय व्हायला हवं? न. आन किंवा अन. म्हणजे ज्याला तुम्ही आळशी उच्चार म्हणता तो 'अन' हाच नियमाने आलेला वारस आहे आणि पुस्तकातला 'आणि' हाच अपवाद, त्यातल्या ण ला हिशोब द्यावा लागतो. आता लोक म्हणतील की लीळाचरित्रापासून आणि सापडतो, तेव्हा तोच जुना. सापडतो ना, पण लिहिलेलं जुनं सापडलं म्हणजे बोललेलं नवं ठरत नाही. दुसरा आक्षेप असा येतो की खेड्यात पाणी चं पानी होतं, तसंच आणि चं आनि आणि मग अन. हा आक्षेप घेणाऱ्यांनी कृपा करून पुण्यातल्या पेठांत जाऊन उभं राहावं. जी मंडळी पाण्याचा ण जिभेची गुंडाळी करून म्हणतात, कोणी पानी म्हटलं तर भुवया उंचावतात, तीच मंडळी 'मी अन ही' म्हणताना बिनदिक्कत न म्हणतात. त्यांच्या तोंडात ण चा न होतच नाही, मग हा एकच न आला कुठून?

अजून पुरावा हवा तर शेजारी बघा. गुजरातीत 'पण' ला पणच म्हणतात, ण शाबूत आहे, पण 'आणि' ला अने, न ने. कोकणीत 'पण' ला पूण, ण शाबूत, आणि 'आणि' ला आनी, न ने. दोन्ही भाषांना ण व्यवस्थित येतो, तरी या शब्दात न आहे. म्हणजे एकटी लिखित मराठी ण धरून बसलीय. भाषाशास्त्रातले लोक याचं कारण असं देतील की वाक्यात आघात नसलेला शब्द झिजतो, ण्ण चा आधीच ण झाला असेल, म्हणून आणि. ठीक आहे, पटण्यासारखं आहे, पण मग झिजलेला शब्द आणि ठरतो, अन नव्हे, एवढं तरी मान्य करा. त्यात 'आणि'चे लाड केवढे, शुद्धलेखनात शेवटचा इकार दीर्घ असा नियम आणि त्यातून वगळलेले हे दोघे, आणि व नि. लोक निम्मा वेळ आणी लिहितात ते त्यामुळेच, आणि त्यांना नियम शिकवणारे अन ला अशुद्ध म्हणतात.

नि वरून आठवलं, भाची an लिहिते हे खरं तर बरं आहे. बाकीची पिढी नुसतं `n` लिहिते. त्या एका n मध्ये नि, अन, इंग्रजी अँड, 'ये ना' मधला ना आणि 'नको' 'नाही' यांची सुरुवात एवढं सगळं मावतं. `tu ye n mi yet` असा मेसेज असेल तर 'तू ये ना, मी येते' की 'तू ये नि मी येते' की 'तू ये, न मी येत', म्हणजे मी काही येत नाही, सांगा बघू. त्यात yet चा शेवटचा स्वर गेला की माणूस येणार की नाही हेच कळत नाही. शब्द तोडण्याला माझा विरोध नाही, आपल्याकडे सा. न. वि. वि. अख्ख्या महाराष्ट्राने पिढ्यानपिढ्या लिहिलं आणि कोणी चुकीचं वाचलं नाही. कारण ते तोडणं ठरलेलं होतं, सगळ्यांचं एकच. इथे प्रत्येकजण आपल्या सोयीने तोडतो, एकाचं `nai`, दुसऱ्याचं `ny`, तिसऱ्याचं `nh`. आणि कापलं जातं ते शब्दाचं शेपूट, जिथे मराठीत लिंग, वचन, पुरुष सगळं बसलेलं असतं. इंग्रजीत शेवटचा स्वर गाळला तर फारसं बिघडत नाही, मराठीत केला केली केलं केलास सगळं शेवटच्या अक्षरात आहे.

मोडीचा दाखला देणाऱ्यांना पण आधीच उत्तर देऊन ठेवतो. मोडीत ह्रस्वदीर्घ नव्हतं, शब्दांत जागा सोडत नसत, सगळं खरं. पण मोडीत ण वेगळा, न वेगळा, ट वेगळा, त वेगळा. ह्रस्वदीर्घावाचून मराठी वाचता येते, ण वाचून कठीण.

आणि रोमनमध्ये हे जमतच नाही असंही नाही हो. थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं ते रोमन अक्षरांतच, आणि ते मराठीच आहे. रोमी कोकणीत आजही ण साठी nn लिहितात, म्हणून त्यांचं `Konknni`, आणि वाचणारा अडखळत नाही. शिवाय त्यांना 'आण' चा त्रासच नाही, कोकणीत आणायला 'हाड' म्हणतात (आपल्याकडे तेच कुत्र्याला म्हणतात, तो वेगळा विषय). कॉम्प्युटरवर मराठी नवीन होती तेव्हा रोमन अक्षरांतून देवनागरी टाईप करायच्या आयट्रान्सवाल्यांनी कॅपिटल N म्हणजे ण, कॅपिटल L म्हणजे ळ अशी सोय केली होती, चांगली होती, पण फोन आपणहून पहिलं अक्षर कॅपिटल करतो, त्या हिशोबाने Nako चं णको होतं.

तेव्हा भाचीला दोनच गोष्टी सांगा. क्रियापद असेल तर `aan`, दोन a लावून, आणि जोडायचं असेल तर `an` किंवा `ani`. आणि kelas मधला s खाऊ नकोस म्हणावं. 'अन' लिहिते म्हणून मात्र तिला ओरडू नका, आणि घरातल्या दुसऱ्या मताने ओरडलं तर वरचा कान-सोनं-पानवाला परिच्छेद वाचून दाखवा.