पीटी नॉर्मल, प्लेटलेट नॉर्मल, तरी हिरडीचं रक्त का थांबेना?

प्रश्न : बाबांना (वय ६४) स्टेंटनंतर अ‍ॅस्पिरिन ७५ चालू आहे. ठाण्यात दाढ काढली, तर तासाभरापेक्षा जास्त वेळ रक्त झिरपत होतं. पीटी-आयएनआर, एपीटीटी, प्लेटलेट काउंट सगळं नॉर्मल आहे. मग रक्त का थांबलं नाही? प्लेटलेटचा प्लग आणि फायब्रिनची गुठळी वेगळी असते का?

हो, वेगळी असते. तुम्ही केलेल्या तपासण्यांमध्ये पहिल्या गोष्टीचं काम कुठेच तपासलेलं नाही, म्हणून रिपोर्ट नॉर्मल दिसतोय.

मी वाशीत एका पॅथॉलॉजी लॅबच्या कोॲग्युलेशन विभागात काम करते. पीटी आणि एपीटीटीसाठी रक्त निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात. आतलं सायट्रेट कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे रक्त ट्यूबमध्ये गोठत नाही. मग ती ट्यूब आम्ही सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतो आणि वरचा पिवळसर प्लाझ्मा वापरतो. या प्लाझ्मातून प्लेटलेट मुद्दाम काढून टाकलेल्या असतात, मायक्रोलीटरला १०,००० पेक्षाही कमी उरल्या पाहिजेत असा नियम आहे. प्लेटलेटच्या पृष्ठभागाचं काम करणारं फॉस्फोलिपिड आम्ही बाहेरून घालतो, कॅल्शियम परत देतो आणि फायब्रिन तयार व्हायला किती सेकंद लागतात ते मोजतो. म्हणजे बाबांच्या प्लेटलेट कशा वागतात, हे या दोन्ही तपासण्यांना कळायला मार्गच नाही. सीबीसीचं मशीन प्लेटलेट मोजतं, पण त्या एकमेकींना चिकटतात की नाही हे त्याला दिसत नाही.

आता दाढ काढल्यावर हिरडीत काय होतं ते बघा. बारीक रक्तवाहिन्या फाटतात आणि त्यांच्या आतल्या अस्तराखालचं कोलॅजन उघडं पडतं. रक्तात फिरणारा व्हॉन विलेब्रँड फॅक्टर नावाचा प्रथिनाचा रेणू त्या कोलॅजनला चिकटतो. बारीक धमनीत रक्ताचा वेग इतका असतो की प्लेटलेटला थेट कोलॅजन पकडता येत नाही. वेगाच्या ओढीने हा फॅक्टर लांबट उलगडतो आणि प्लेटलेट आपल्या जीपी-वन-बी या रिसेप्टरने त्याला धरतात. इथे त्यांचा वेग मंदावतो, त्या कोलॅजनला भिडतात आणि जाग्या होतात. गोल चकतीसारखा आकार जाऊन पाय फुटल्यासारख्या पसरतात, आणि दोन संदेश बाहेर सोडतात. एक एडीपी, जे आधीपासून कणांमध्ये साठवलेलं असतं. दुसरा थ्रॉम्बॉक्सेन ए-टू, जो त्या तिथल्या तिथे बनवतात. हे संदेश जवळून वाहणाऱ्या इतर प्लेटलेटना बोलावतात. त्यांच्यावरचा जीपी-टू-बी-थ्री-ए हा रिसेप्टर उघडतो आणि रक्तातल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचा एकेक रेणू दोन प्लेटलेटमध्ये पुलासारखा बसतो. हा झाला प्लग. काही मिनिटांत तयार होतो आणि तोंडात दिसणारं रक्त तोच पहिल्यांदा थांबवतो.

पुस्तकात हे पायरी एक आणि पायरी दोन असं छापलेलं असतं, पण जखमेत दोन्ही कामं एकदमच सुरू होतात. मुख्य फरक फायब्रिनोजेनच्या वापरात आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्लगमध्ये फायब्रिनोजेन अख्खाच वापरला जातो. गुठळीत मात्र थ्रोम्बिन नावाचं एन्झाइम त्याचे टोकाचे छोटे तुकडे कापून टाकतं, तेव्हा ते रेणू एकमेकांना जोडून फायब्रिनचे धागे होतात. थ्रोम्बिन कुठून येतं? फाटलेल्या ऊतीतला टिश्यू फॅक्टर आणि फॅक्टर सात मिळून ती साखळी सुरू करतात, आणि तिचा मोठा भाग जाग्या झालेल्या प्लेटलेटच्याच पृष्ठभागावर पार पडतो. शेवटी फॅक्टर तेरा धाग्यांना आडवे टाके घालतो. नुसता प्लग कमकुवत असतो, थोडा दाब वाढला तरी सुटू शकतो. धाग्यांनी बांधल्यावरच तो टिकतो.

आता बाबांची गोळी. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधल्या कॉक्स-वन या एन्झाइमला कायमचं बंद पाडतं. हे एन्झाइम नसलं की थ्रॉम्बॉक्सेन बनत नाही. शरीरातल्या बाकीच्या बहुतेक पेशी नवं एन्झाइम तयार करू शकतात, पण प्लेटलेटला केंद्रक नसतं, म्हणून ती तिचं सात ते दहा दिवसांचं आयुष्य संपेपर्यंत तशीच राहते. रोज साधारण एक दशांश प्लेटलेट नव्या येतात, आणि बाबा रोज गोळी घेत असल्यामुळे त्याही बंद होतात. फक्त थ्रॉम्बॉक्सेनचा संदेश गेला आहे, एडीपी आणि कोलॅजनचे संदेश चालू आहेत. म्हणूनच रक्त थांबतं, पण सावकाश. फायब्रिनची साखळी पूर्ण शाबूत आहे, आणि तेच तुमचा पीटी-एपीटीटीचा रिपोर्ट सांगतो.

वेळ बघून बऱ्याचदा ओळखता येतं. प्लग नीट होत नसेल तर रक्त पहिल्या क्षणापासून झिरपत राहतं, आणि ते हिरडी, नाक, त्वचा अशा वरवरच्या जागी दिसतं. फायब्रिन कमी पडत असेल, जसं हिमोफिलियात होतं, तर प्लग ठीक होतो, रक्त थांबल्यासारखं वाटतं आणि काही तासांनी पुन्हा सुरू होतं. सांध्यात आणि स्नायूत खोल रक्तस्राव होणं हेही त्याच बाजूचं लक्षण. तुम्ही सांगितलंत की दाढ निघाल्यापासून रक्त येतच होतं, मध्ये थांबलं नाही. हे पहिल्या प्रकाराशी जुळतं. अर्थात सुजलेली हिरडी किंवा हाडाचा राहिलेला तुकडा यामुळेही असंच झिरपतं, ते डेंटिस्टनेच बघायला हवं.

तरीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. स्टेंट असलेल्या माणसाला त्यातून होणारा धोका हिरडीच्या रक्तापेक्षा कितीतरी मोठा आहे. साध्या दाढेसाठी बहुतेक वेळा अ‍ॅस्पिरिन चालू ठेवूनच काम होतं. डेंटिस्ट जागेवर टाका घालतात, जिलेटिनचा स्पंज भरतात आणि गॉझ घट्ट चावून धरायला सांगतात. ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडने चूळ भरायला दिली तर ती प्लग बनवत नाही. लाळेमुळे फायब्रिनचे धागे लवकर विरघळतात, ते विरघळणं ती रोखते. पुढच्या वेळी दाढ काढण्याआधी डेंटिस्टला अ‍ॅस्पिरिनबद्दल सांगा. क्लोपिडोग्रेलही चालू असेल तर तेही सांगा, कारण ते एडीपीचा संदेशही अडवतं आणि दोन्ही मिळून फरक जास्त पडतो.

एक गोष्ट बाबांना विचारून घ्या. अ‍ॅस्पिरिन सुरू होण्याच्या आधीही नाकातून रक्त येणं, जखमेतून बराच वेळ रक्त वाहणं असं व्हायचं का? किंवा आत्या-काकांपैकी कुणाला? तसं असेल तर गोळीखेरीज व्हॉन विलेब्रँडचा आजारही असू शकतो. सौम्य प्रकारात पीटी आणि एपीटीटी दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. तेव्हा हिमॅटॉलॉजिस्टना दाखवून व्हॉन विलेब्रँड अँटिजेन, त्याची ॲक्टिव्हिटी आणि फॅक्टर आठ ही तपासणी होते. प्लेटलेटच्या कामाची तपासणी सांगितली तर घरी सॅम्पल देऊ नका. रक्त काढल्यापासून चार तासांत ती व्हावी लागते, आणि थंड झालेलं किंवा घोडबंदर रोडवर बाइकच्या डब्यात हलत आलेलं रक्त चालत नाही. बाबांना थेट लॅबमध्येच घेऊन जा, आणि अ‍ॅस्पिरिन चालू आहे हे फॉर्मवर लिहा, नाहीतर रिपोर्ट चुकीचा वाचला जाईल.